उचकी : जेवणानंतरची आणि दिवसेंदिवस न थांबणारी

उचकी ही श्वसनाच्या स्नायूंची प्रतिक्षिप्त, म्हणजे आपल्या इच्छेविना घडणारी क्रिया आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायूंचा पडदा असतो. तो अचानक आकुंचन पावून खाली खेचला जातो आणि हवा जोराने आत शिरू लागते. पण जेमतेम ३५ मिलिसेकंदांत स्वरतंतू एकमेकांना भिडतात, कंठद्वार बंद होते आणि आत येणारी हवा वाटेतच अडते. 'हिक्' हा आवाज या अडण्याचा असतो. साधारणपणे मिनिटाला ४ ते ६० उचक्या लागू शकतात, आणि एका माणसाच्या एका वेळच्या उचक्यांमधले अंतर बहुधा सारखेच राहते.

उचकीच्या मार्गाचे तीन भाग आहेत. संदेश आत नेण्याचे काम मुख्यतः दोन चेता करतात. त्यांतली व्हेगस चेता घसा, अन्ननलिका, जठर असा लांबचा पल्ला गाठते, तर फ्रेनिक चेता मानेतून निघून छातीतून श्वासपटलापर्यंत जाते. हे संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात आणि मानेतल्या मज्जारज्जूत पोचतात. तिथून उलट हुकूम सुटतो, फ्रेनिक चेतेवाटे श्वासपटलाला आणि व्हेगसच्या एका शाखेवाटे स्वरयंत्राला. या लांबलचक मार्गावर कुठेही चिमटा बसला तरी शेवटी लागते ती उचकीच. उचकीचे कारण शोधणे अवघड जाते ते यामुळेच.

जेवणानंतर हा मार्ग चेतवला जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ताण. जठराचा वरचा फुगीर भाग श्वासपटलाच्या डाव्या घुमटाला अगदी खालून लागून असतो. अन्न सावकाश आले तर जठराची भिंत सैल होऊन जागा करून देते. भराभर खाल्ले की तिला तेवढा अवधी मिळत नाही, शिवाय घासाबरोबर बरीच हवाही गिळली जाते. भिंत ताणली जाते आणि व्हेगसच्या टोकांना ते लगेच जाणवते. फसफसणाऱ्या पेयांतला वायू हाच ताण वाढवतो. अन्ननलिकाही यात मागे नाही. मोठा, कोरडा घास घाईने गिळल्यावर तिचा वरचा भाग झटकन ताणला जातो, आणि जेवण अर्धेही झालेले नसताना उचकी सुरू होते. फार गरम किंवा फार थंड पदार्थ, तिखट, जठरातून वर येणारे आम्ल यांनीही याच चेता डिवचल्या जातात. मद्य दोन बाजूंनी काम करते. ते अन्ननलिकेला आणि जठराला चुरचुरवते, आणि मेंदूचा प्रतिक्षिप्त क्रियांवरचा लगामही ढिला करते.

अशी उचकी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते. ढेकर येऊन वायू निघून जातो, जठर हळूहळू सैल पडते, ताण उतरतो. मग मस्तिष्कस्तंभाकडे जाणारे संदेश विरळ होतात. श्वास रोखून धरल्यावर फायदा होतो त्याला शरीरशास्त्रीय आधार आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की उचक्यांचा वेग घटतो. पाण्याचे लागोपाठ घोट घेतल्याने गिळण्याची क्रिया उचकीच्या ठेक्यात खंड पाडते. डोळ्यांची बुबुळे दाबण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्याने डोळ्याला इजा होऊ शकते आणि हृदयाची गती एकाएकी मंदावू शकते.

उचकी ४८ तासांपेक्षा जास्त टिकली तर वैद्यकात तिला दीर्घकाळ टिकणारी उचकी म्हणतात, आणि महिना उलटला तर हट्टी उचकी. इथे प्रश्न बदलतो. उचकी का लागली यापेक्षा ती का थांबत नाही, हे पाहावे लागते. याची उत्तरे ढोबळमानाने दोन. एक तर डिवचणारी गोष्ट जागची हलत नाही, किंवा मेंदूतला लगामच निकामी झालेला असतो.

पहिल्या प्रकारात अन्ननलिकेत वारंवार वर येणारे आम्ल आघाडीवर आहे. त्याखेरीज श्वासपटलाखाली साठलेला पू, यकृताची सूज, मानेतली किंवा छातीतली गाठ, न्यूमोनिया, हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेला झटका यांनीही उचकी टिकून राहते. कधी कारण अगदी क्षुल्लक निघते. व्हेगसची एक बारीक शाखा कानाच्या नळीत येते, त्यामुळे कानाच्या पडद्याला टेकलेला एखादा केस दिवसेंदिवस उचकी लावू शकतो. चांगला डॉक्टर अशा रुग्णाचा कान पाहिल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या प्रकारात मस्तिष्कस्तंभाचा पक्षाघात, गाठ किंवा दाह येतो. मूत्रपिंड निकामी होऊन रक्तात साठलेली युरिया, रक्तातले सोडियम कमी होणे, आणि डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड औषधेही याच केंद्रावर परिणाम करतात. औषध कारणीभूत असेल तर मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर उचकी बहुधा थांबते, पण तो निर्णय डॉक्टरचाच.

साठीच्या एका मधुमेही रुग्णाचे कल्पित उदाहरण घेऊ. रात्रीच्या जेवणानंतर उचकी लागली आणि तिसऱ्या दिवशीही चालूच आहे. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल. आम्लविरोधी गोळ्यांनी फरक पडत नाही. विचारपूस केल्यावर कळते की उचकी झोपेतही थांबत नाही. हा महत्त्वाचा धागा आहे, कारण मानसिक ताणातून येणारी उचकी सहसा झोपेत थांबते. पुढे असेही निघते की त्याच रात्री गरगरले होते, चालताना तोल एका बाजूला जातो, पाणी पिताना ठसका लागतो, आवाज बसला आहे, आणि एका गालाला गरम-थंड नीट कळत नाही. ही लक्षणे एकत्र आली की बोट मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागातल्या, बाजूच्या पक्षाघाताकडे जाते. एमआरआयमध्ये तो दिसतो आणि उपचाराची दिशाच बदलते. इथे जेवण निव्वळ योगायोगाने आधी झाले होते. 'जेवल्यावर लागली, म्हणजे पोटाचीच' हा समज अशा वेळी मोलाचे दिवस वाया घालवतो.

म्हणून दोन दिवस उलटल्यावर तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, ताप, गिळायला त्रास, चक्कर, बोलण्यात अडखळणे किंवा हातपाय लुळे पडणे यांतले काही सोबत असेल तर दोन दिवसही थांबू नये.

लांबलेली उचकी माणसाला अक्षरशः पिळून काढते. घास पोटात जात नाही, झोप तुटते, वजन उतरते, आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर टाके उसवण्याचा धोका असतो. सर्वांत लांब नोंद अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबॉर्न यांची आहे. १९२२ साली डुकराचे वजन करताना त्यांना लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली.

उपचारात आधी कारण पाहतात. आम्लाची शंका असेल तर आम्ल घटवणारे औषध, जठर सावकाश रिकामे होत असेल तर त्यातले अन्न पुढे ढकलणारे औषध देतात. कारण सापडत नसेल किंवा दूर करता येत नसेल तर बॅक्लोफेन किंवा गॅबापेंटिन देऊन चेतामार्ग शांत करतात. क्लोरप्रोमाझिन हे यासाठीचे जुने औषध आहे, पण त्याने रक्तदाब उतरतो आणि फार गुंगी येते, त्यामुळे वृद्धांना ते जपून देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर बॅक्लोफेन शरीरात साठून रुग्ण ग्लानीत जाऊ शकतो. मूत्रपिंडाच्या आजारात उचकी वरचेवर लागत असल्याने हा पेच डॉक्टरांपुढे नेहमी उभा राहतो.