ब्रँड बिल्डिंग आणि परफॉर्मन्स जाहिराती (छोट्या बजेटमधली वाटणी)

मार्केटिंगचा पैसा दोन कामांना जातो, एक म्हणजे ब्रँड, लोकांच्या डोक्यात नाव बसवणं (फळ उशिरा), आणि दुसरं म्हणजे परफॉर्मन्स, आत्ता घ्यायच्याच बेतात असलेल्याला क्लिक करायला लावणं. वाटणी विचारली की लगेच ६०:४० ऐकू येतं, ६० ब्रँडला, ४० परफॉर्मन्सला.

हा आकडा लेस बिने आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनच्या आयपीए या जाहिरात संस्थेसाठी केलेल्या २०१३ च्या अभ्यासातून आला. पण डेटा होता आयपीएच्या पुरस्कारांसाठी आलेल्या केसेसचा, म्हणजे बहुतेक मोठे ब्रँड आणि त्यातही चाललेले कँपेन, फसलेलं कोण पाठवणार? शिवाय ती सरासरी होती, २०१८ मध्ये याच दोघांनी कॅटेगरी आणि ब्रँडच्या टप्प्याप्रमाणे प्रमाण बदलतं हे सविस्तर मांडलं. काहीजण तरीही ६०:४० नियम म्हणूनच वापरतात, पण छोट्या बजेटला तो जेमतेम सुरुवातीचा अंदाज धरलेला बरा.

छोट्या बजेटमध्ये खरा घोळ मोजमापाचा. नाव माहीत असलेला माणूस ते सर्चमध्ये टाइप करतो, वर आपलीच जाहिरात दिसते, तिच्यावर क्लिक करतो आणि ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात जमा. ईबेने स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती बंद करून पाहिल्या तेव्हा जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच (ब्लेक, नॉस्को, टडेलिस, २०१५). अर्थात ईबे सगळ्यांना ठाऊक, आपल्या नावाच्या सर्चमध्ये स्वतःची जाहिरात दिसावी म्हणून स्पर्धक बोली लावत असेल तर इतकं निर्धास्त राहता येत नाही.

समजा महिन्याचं बजेट १०० भाग, त्यातले २० स्वतःच्या नावावरच्या सर्चला जातात आणि डॅशबोर्ड म्हणतो त्यातून ४० ऑर्डर आल्या. तीन आठवडे ते बंद ठेवायचं, बाकी काही हलवायचं नाही, आणि डॅशबोर्ड नाही तर एकूण ऑर्डर बघायच्या. महिन्याच्या हिशोबात त्या २०० वरून १९४ वर आल्या तर त्या २० भागांची खरी कमाई ६ ऑर्डर, ४० नाही (सहाचा फरक नेहमीच्या चढउतारातलाही असू शकतो, म्हणजे मग तेवढीही नाही). यातले १५ भाग ब्रँडकडे न्यायला हरकत नाही, पण सगळीकडे शिंपडायचे नाहीत, एकच परिसर किंवा ग्राहकांचा एकच गट धरून तिथे सारखं दिसत राहायचं, बाकीचा परिसर तुलनेला तसाच ठेवायचा.

पहिले दोन-तीन महिने विक्रीत फारसं दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच पैसे परत ओढले जातात. तोवर बघायचं ते नावाचे सर्च आणि थेट साइटवर येणारे नवे लोक, निवडलेल्या परिसरात ते तुलनेच्या परिसरापेक्षा जास्त वाढतायत का. सहा महिन्यांनीही दोन्हीकडे सारखंच असेल तर प्रमाणाआधी जाहिरात तपासावी, बऱ्याचदा तिच्यात नाव शेवटच्या दोन सेकंदांत येतं.