सव्वा, दीड, अडीच : मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द

पूर्ण संख्येला पाव, अर्धा किंवा पाऊण भाग जोडून होणाऱ्या संख्यांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. पाव (¼), अर्धा (½) आणि पाऊण (¾) हे मूळ भाग. त्यापुढे सव्वा (१¼), दीड (१½), पावणेदोन (१¾), सव्वादोन (२¼), अडीच (२½), पावणेतीन (२¾). तीनपासून घडण एकसारखी होते : सव्वातीन (३¼), साडेतीन (३½), पावणेचार (३¾).

‘साडेएक’ व ‘साडेदोन’ मराठीत नाहीत, कारण त्या जागा दीड आणि अडीच यांनी आधीच घेतल्या आहेत. बहुतेक शब्दांचे मूळ सरळ आहे : पाव हा ‘पाद’पासून, सव्वा ‘सपाद’ (पावासह), पाऊण ‘पादोन’ (पाव उणे), साडे ‘सार्ध’ (अर्ध्यासह). अडीचची रीत मात्र निराळी. त्याचे मूळ ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा : दोन पुरे, तिसऱ्याचा अर्धाच भाग. प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’ असे रूप मिळते. याच रीतीने ‘अर्धचतुर्थ’पासून प्राकृत ‘अद्धुट्ठ’ आणि मराठी ‘औट’ (३½) झाला. संतवाङ्मयात मानवी देह औट हातांचा म्हटला आहे. बोलण्यात आता साडेतीनच चालतो. गुजरातीत साडेतीनच्या पाढ्याला ‘ऊठां’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊबंद.

दीडच्या मुळाबद्दल एकमत नाही. संस्कृतात दीडसाठी ‘अध्यर्ध’ आहे. पण त्यातून आरंभीचा ‘द’ कसा आला, हे सांगता येत नाही. पालीतील ‘दियड्ढ’ आणि प्राकृतातील ‘दिवड्ढ’ पाहता ‘द्वि’ व ‘अर्ध’ यांपासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. तिचा अर्थही ‘दुसरा अर्धा’ असा अडीचशी जुळतो. पाली रूपामुळे ही घडण मराठीहून बरीच जुनी ठरते.

शंभर, हजार, लाख यांआधी हे शब्द गुणक होतात : पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, अडीचशे २५०, दीड हजार १,५००. पावणेदोनशे १७५ होतात, १५० नव्हे. पाव वजा करायचा तो शंभराचा, दोनशेचा नव्हे. नवशिक्याची चूक नेमकी इथे होते. ‘पट’ जोडला की सव्वापट, दीडपट, अडीचपट.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे पाठ करून घेत. अडीचकी येणाऱ्याला ७० रुपये किलोचा अडीच किलो माल घेताना कागद लागत नाही : ‘सात अडीच साडेसतरा’, त्याची दसपट पावणेदोनशे. पाढा येत नसेल, तर दोन किलोचे १४० आणि अर्ध्याचे ३५ वेगळे धरून मिळवावे लागतात.

घड्याळाच्या वेळेतही हेच शब्द येतात. सव्वा म्हणजे १ वाजून १५ मिनिटे, अडीच म्हणजे २ वाजून ३० मिनिटे, आणि नुसते ‘पाऊण वाजला’ म्हणजे १२ वाजून ४५ मिनिटे.