वॉर्डाचा ड्युटी चार्ट आम्ही कसा लावतो : नाईट, रविवार, पसंती आणि अनुभव

लातूर आणि आसपासच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांना आम्ही परिचारिकांचा ड्युटी चार्ट तयार करून देतो. आमचा चार्ट हाती पडल्यावर इन्चार्ज सिस्टर, मेट्रन आणि व्यवस्थापन यांच्याकडून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे. सर्व नियम मांडण्याऐवजी एका वॉर्डाचा हिशेब शेवटपर्यंत दाखवणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते.

तीस खाटांचा एक जनरल वॉर्ड घेऊ. सकाळी 8 ते 2 चार जणी, दुपारी 2 ते 8 तीन जणी आणि रात्री 8 ते सकाळी 8 तीन जणी, अशा दिवसाला दहा ड्युट्या लागतात. आम्ही महिन्याऐवजी चार आठवड्यांचा चार्ट लावतो, कारण त्यात प्रत्येक वार नेमका चार वेळा येतो आणि रविवारचा हिशेब चुकत नाही. अठ्ठावीस दिवसांच्या 280 ड्युट्या आणि इन्चार्ज सोडून 14 परिचारिका असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला 20 ड्युट्या आणि 8 मोकळे दिवस येतात. या आठांपैकी चार साप्ताहिक सुट्या असतात आणि दोन नाईट ऑफ. उरलेले दोन दिवस रजेसाठी, म्हणजे संपूर्ण वॉर्डात रोज सरासरी एकच जण रजेवर जाऊ शकते. एकाच दिवशी दोघींच्या रजा मंजूर झाल्या, तर त्या दिवशी तिसऱ्या कुणाची तरी सुट्टी मोडल्याशिवाय वॉर्ड चालणार नाही, हे मंजुरी देणाऱ्याने आधीच ओळखावे.

नाईट 84 होतात, प्रत्येकीला सहा. त्या सलग सहा न देता तीन-तीनच्या दोन पाळ्यांत द्याव्यात आणि रोज रात्री एकीचीच पाळी सुरू व्हावी, असे आम्ही पाहतो. त्यामुळे कुठल्याही रात्री तिघींपैकी एक पहिल्या, एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या नाईटला असते आणि किमान दोघींना आदल्या रात्रीचे रुग्ण माहीत असतात. तिघींची पाळी एकाच दिवशी बदलली, तर पहिल्या रात्री कुणालाच कुणाची औषधे लक्षात नसतात. सकाळी 8 वाजता नाईट उतरलेल्या सिस्टरला त्याच दुपारी 2 वाजता बोलावू नये हा नियम वेगळा सांगायला नको, पण पेन्सिल आणि खोडरबरने दुरुस्त केलेल्या जुन्या चार्टांत तो मोडलेला आम्हाला नेहमी सापडतो.

सर्वांत जास्त नाराजी रविवारवरून होते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा पक्षपात नसून साधा गुणाकार असतो. रविवारी दहा जणी ड्युटीवर असल्या की चार मोकळ्या राहतात. चार रविवारांच्या मिळून सोळा सुट्या होतात, म्हणजे प्रत्येकीला एक तरी मिळेल असे वाटते. मात्र दर रविवारी सकाळी एक जण शनिवारची शेवटची नाईट करून घरी गेलेली असते. चार्टवर तिच्या नावापुढे 'ऑफ' लिहिलेले असते, पण ती दुपारपर्यंत झोपलेली असते आणि मुलांना तिचा उपयोग संध्याकाळीच होतो. हा रविवार आम्ही सुट्टी म्हणून धरत नाही. मग खरे रविवार बारा उरतात आणि माणसे चौदा. दोघींना या चार्टमध्ये रविवार मिळणारच नाही. त्यांची नावे आम्ही चार्टच्या खालीच लिहितो आणि पुढच्या चार्टमध्ये त्यांचा रविवार सर्वांत आधी भरतो. रविवारी ठरवलेल्या शस्त्रक्रिया नसल्यामुळे सकाळच्या पाळीत चारऐवजी तीन जणी पुरत असतील, तर खरे रविवार सोळा होतात आणि प्रश्न तिथेच सुटतो. हा निर्णय मात्र मेट्रननी घ्यायचा आहे, आम्ही नाही.

अनुभवाचा हिशेब आम्ही एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयाला आम्ही नाईट अगदी काटेकोर समान वाटून दिल्या होत्या. एका रात्री 2 वाजता एका लहान मुलाच्या हातातली सलाईनची सुई निघाली आणि वॉर्डातल्या तिघींपैकी एकीलाही ती परत लावता येईना. शेवटी आयसीयूतून सिस्टर बोलवावी लागली. तिघींची संख्या बरोबर होती, पण तिघीही नव्या होत्या, आणि ही चूक सर्वस्वी आमच्या चार्टची होती.

तेव्हापासून आम्ही इन्चार्जकडून प्रत्येक परिचारिकेची श्रेणी लिहून घेतो. 'अ' म्हणजे वॉर्ड एकटीने सांभाळू शकणारी, 'ब' म्हणजे नेहमीची कामे स्वतंत्रपणे करणारी, 'क' म्हणजे नवी. नोकरीची वर्षे मोजून श्रेणी ठरवू नये. काय करता येते ते पाहून ठरवावी. प्रत्येक पाळीत एक 'अ' असावी आणि एका रात्री दोन 'क' नसाव्यात, एवढे दोनच नियम आम्ही ठेवतो. आपल्या वॉर्डात 'अ' पाच असतील, तर त्यांच्या 30 नाईट होतात आणि रात्री 28 आहेत, म्हणजे जेमतेम निभते.

आता पाचांपैकी एक जण प्रसूती रजेवर गेली असे समजा. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने ही रजा 26 आठवड्यांची आहे, म्हणजे आमचे साडेसहा चार्ट. तिच्या जागी नवी सिस्टर भरती झाली की हजेरीपटावर पुन्हा चौदा नावे दिसतात आणि व्यवस्थापनाला प्रश्न मिटला असे वाटते. प्रत्यक्षात चार 'अ' मिळून 80 ड्युट्या करतात आणि पाळ्या 84 आहेत, त्यामुळे नियम पाळणे अशक्य होते. अशा वेळी इन्चार्जने सोमवार ते शनिवार सकाळी 8 वाजता येऊन त्या पाळीची 'अ' म्हणून उभे राहावे, असे आम्ही सुचवतो. दिवसाचा प्रश्न त्याने सुटतो, रात्रीचा सुटत नाही. चौघींना प्रत्येकी सात नाईट कराव्या लागतात, आणि इतर दहा जणींपैकी सहा जणींना सहा व चौघींना पाच येतात. ही असमानता लपवू नये. ती जादा नाईट त्या सिस्टरच्या खात्यावर जमा धरावी आणि रविवार किंवा सणाची सुट्टी देताना वळती करावी. त्याच काळात एखाद्या 'ब' सिस्टरला दोन महिने 'अ' सोबत नाईटला जोडून तयार केले, तर ही देणी लवकर फिटतात.

पसंतीसाठी प्रत्येकीने दर चार्टला दोन विनंत्या द्याव्यात : एक अडचणीची, एक इच्छेची. अडचण शक्यतो मोडत नाही. इच्छा खाते पाहून पुरी करतो. आपल्याकडे खरी परीक्षा येळवशीला होते. त्या दिवशी शेतात जायचे म्हणून चौदापैकी नऊ-दहा जणी सुट्टी मागतात आणि मोकळ्या जागा चारच असतात. ज्यांच्या जादा नाईट जमा आहेत किंवा ज्यांना मागच्या महालक्ष्मीला अथवा भाऊबीजेला नकार मिळाला होता, त्यांचा क्रम आधी लागतो. ईद किंवा नाताळ मागणाऱ्या सिस्टर अनेकदा येळवशीची ड्युटी आपणहून घेतात, त्यामुळे सणांच्या विनंत्या वर्षाच्या सुरुवातीलाच एकत्र घ्याव्यात.

चार्ट लागल्यानंतरची अदलाबदल हा त्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. दोघींनी आपसांत ठरवून फोनवर ड्युटी बदलली, त्यात 'अ' च्या जागी 'क' आली आणि ते रात्री 8 वाजता कळले, असे घडते. बदल एकाच श्रेणीत व्हावा, बदललेल्या ड्युटीमुळे नाईटनंतरची विश्रांती मोडू नये आणि नोंद इन्चार्जच्या वहीत त्याच दिवशी व्हावी. तोंडी बदल आम्ही खात्यावर धरत नाही.

पुढच्या चार्टसाठी श्रेणीसह नावे, मंजूर रजा आणि विनंत्या चार्ट सुरू होण्याच्या दहा दिवस आधी आमच्याकडे पोहोचाव्यात. कच्चा चार्ट तीन दिवसांत मिळेल. तो वॉर्डात लावून दोन दिवस हरकती घ्याव्यात आणि त्यानंतरच पक्का करावा.