परदेशी प्रवासात दुसऱ्याचे पार्सल स्वीकारू नये : आमच्या प्रवासी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तिकीट निघाले, व्हिसा आला आणि जाण्याची तारीख चार जणांना कळली की ओळखीच्या कोणाचा तरी फोन येतो. "तुम्ही जातच आहात, तर एवढे एक छोटेसे पाकीट न्याल का? तिकडे आमचा माणूस विमानतळावर घ्यायला येईल." असा निरोप आमच्या बहुतेक ग्राहकांना कधी ना कधी येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा प्रामाणिक असते आणि म्हणूनच नाही म्हणणे जड जाते. तरीही ते पार्सल घेऊ नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. त्याची कारणे येथे मांडत आहोत.

चेक-इन करताना बॅगेला जो टॅग लागतो, तो तुमच्या नावाचा असतो. सामान तुम्ही स्वतः भरले का, कोणी काही नेण्यासाठी दिले आहे का, हे प्रश्न अनेक विमानतळांवर विचारले जातात आणि त्यांची उत्तरे तुम्ही देता. उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने बाहेर पडणे म्हणजे जाहीर करण्यासारखे आपल्याजवळ काहीही नाही, असे अधिकाऱ्यांना सांगणे होय. या साऱ्या टप्प्यांत पार्सल देणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही. त्यामुळे बॅगेत काही आक्षेपार्ह सापडले, तर चौकशी सुरू होते ती तुमच्यापासून.

"आत काय होते हे मला माहीतच नव्हते" हे उत्तर खरे असले, तरी अमली पदार्थांच्या प्रकरणात ते पुरेसे ठरत नाही. भारताच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 35 प्रमाणे आरोपीची गुन्हेगारी मनःस्थिती होती, असे न्यायालय गृहीत धरते. ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे असते आणि तेही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतक्या खात्रीने. सिंगापूरच्या कायद्यातही वस्तू ताब्यात असल्याचे ठरले की ती कोणती आहे हे त्या माणसाला ठाऊक होते, असे मानले जाते आणि उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो. तेथे शुद्ध हेरॉइनचे प्रमाण 15 ग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर तस्करीसाठी देहदंडाची तरतूद आहे. परक्या देशात, परक्या भाषेत आणि कोठडीत असताना आपले अज्ञान सिद्ध करणे किती अवघड असते, याची कल्पना दोहाच्या एका प्रकरणावरून येते. 2019 मध्ये भारतातून तेथे गेलेल्या एका दांपत्याच्या सामानात, नातेवाइकाने दिलेल्या पाकिटात चरस सापडला आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाकीट देणाऱ्यांचा छडा भारतातील तपासात लागला, ते पुरावे तेथील न्यायालयापुढे गेले, तेव्हा 2021 मध्ये दोघे निर्दोष सुटले. तोपर्यंतचा काळ तुरुंगात गेला होता.

अमली पदार्थांचे नाव काढले की "आमच्या ओळखीचा माणूस असले काही करणार नाही" असे ग्राहक म्हणतात, आणि ते बहुधा खरेही असते. म्हणूनच आम्ही औषधांच्या पार्सलबद्दल अधिक काळजी घ्यायला सांगतो, कारण तेथे देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतानाही नेणारा अडकतो. समजा, एका परिचित गृहस्थांनी परदेशातील मुलासाठी पाठदुखीच्या गोळ्यांची काही पाकिटे दिली. गोळ्या दुकानातून रीतसर घेतलेल्या आहेत, पाकिटांवर कंपनीचे नाव आहे, सोबत बिलही आहे. त्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक असेल, तर काही देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत. ऑक्टोबर 2017 मध्ये इजिप्तच्या विमानतळावर एका ब्रिटिश महिलेकडे ट्रॅमाडॉलच्या सुमारे 290 गोळ्या सापडल्या. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी त्या आणल्याचे तिने सांगितले. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. खोकल्याच्या औषधांतील कोडीन आणि सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन यांवरही अनेक देशांत बंधने आहेत. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असलेली औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. ज्या देशांत औषध नेण्यास सवलत आहे, तेथेही ती साधारणतः प्रवाशाच्या स्वतःच्या औषधापुरती आणि त्याच्याच नावाच्या चिठ्ठीवर असते. परिचिताच्या मुलाच्या नावाची चिठ्ठी तुमच्या कामी येत नाही.

पार्सल उघडून पाहिले म्हणजे प्रश्न मिटला, असेही समजू नये. अमली पदार्थ बॅगेच्या दुहेरी तळात, चपलांच्या तळव्यांत, फोटोच्या चौकटीत दडवले जातात. द्रावणात भिजवून वाळवलेल्या कापडातूनही नेले जातात. हे घरी बसून डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून कोणी रिकामी नवी बॅग भेट म्हणून दिली आणि तीच प्रवासाला वापरण्याचा आग्रह धरला, तरी ती वापरू नये. 17 एप्रिल 1986 रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर स्त्रीकडील, तिच्या होणाऱ्या नवऱ्याने दिलेल्या बॅगेच्या तळाशी सुमारे दीड किलो स्फोटके सापडली होती. तिला त्याची काहीच कल्पना नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिला बारकाईने प्रश्न विचारले आणि बॅग तपासली, म्हणून विमान वाचले. नात्यातील विश्वासही किती अपुरा ठरू शकतो, हे यावरून कळते.

नकार देताना वाद घालण्याची गरज नाही. "आमच्या ट्रॅव्हल एजन्सीने दुसऱ्याचे सामान नेण्यास लेखी मनाई केली आहे" असे सांगावे आणि हवे तर हे पत्रक दाखवावे. आमच्यावर राग आला तरी चालेल. त्याचबरोबर टपालाचा किंवा कुरियरचा मार्ग सुचवावा. तेथे पाठवणाऱ्याला कस्टम्सच्या फॉर्मवर आपले नाव, वस्तूंचे वर्णन आणि किंमत भरून सही करावी लागते, म्हणजे जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहते. खर्च नको म्हणून कोणी हा मार्ग टाळतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र खर्च आपण सोसायची तयारी दाखवूनही आपल्या नावाने पाठवायला कोणी तयार नसेल, तर पुढे एक शब्दही न बोलता विषय संपवावा.

पार्सल आधीच घेतले असेल, तर घरून निघण्यापूर्वी ते परत करावे. विमानतळावर पोहोचल्यावर लक्षात आले, तर चेक-इन करण्याआधी काउंटरवर किंवा सुरक्षा कर्मचाऱ्यांना स्वतःहून सांगावे. ते कचरापेटीत टाकू नये किंवा खुर्चीखाली ठेवून निघून जाऊ नये, कारण कॅमेऱ्यात ते दिसते आणि लपवण्याचा प्रयत्न म्हणून तुमच्याविरुद्ध जाते. उतरल्यानंतर आठवले, तर कोणी विचारण्यापूर्वीच लाल मार्गाने जाऊन अधिकाऱ्यांना दाखवावे. यामुळे सुटका होईलच अशी हमी आम्ही देऊ शकत नाही, पण सापडल्यावर सांगणे आणि आधी सांगणे यांत तपासाच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

अटक झालीच, तर न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये आणि दुभाषा मागावा. 1963 च्या व्हिएन्ना करारातील कलम 36 प्रमाणे आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क अटकेतील परदेशी व्यक्तीला असतो. ती मागणी पहिल्याच संधीला करावी. वकिलातीचे अधिकारी भेटायला येऊ शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात आणि घरी निरोप पोहोचवू शकतात. तेथील न्यायालयाचा निर्णय बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो. पार्सलसंबंधीचे संदेश, फोन क्रमांक आणि घ्यायला येणाऱ्याचे नाव असलेला मोबाइल मात्र कोणत्याही परिस्थितीत पुसू नये, कारण देणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बहुतेक वेळा त्यातूनच निघतो.