एसपीएफचा आकडा आणि पीएची अधिकची चिन्हे

यवतमाळकडच्या आमच्या गावात वहिनी आशा कार्यकर्त्या आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांनी तालुक्याच्या मेडिकलमधून सनस्क्रीनची नळी आणली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'एसपीएफ ५०' असे छापलेले होते. त्यांच्या सोबतीणीच्या नळीवर 'एसपीएफ ३०' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पीए+++' असे होते. पन्नासची नळी अर्थातच भारी, असे दोघींनीही गृहीत धरले. पण महिनाभराने वहिनींच्या गालांवरचे वांग अधिक गडद दिसू लागले. तेवढ्यावरून दोष नळीचाच होता असे मी म्हणणार नाही, कारण वांगाला इतरही कारणे असतात. मात्र त्या दोन नळ्या शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत हे लक्षात आले.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो, म्हणजे ज्यांनी कातडी लाल होऊन भाजते त्या किरणांबद्दल. यूव्हीए किरण कातडीत अधिक खोल जातात, काळवंडणे आणि वांग वाढवतात, ढगांतून आणि एसटीच्या बंद काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात, आणि सकाळ-संध्याकाळीही यूव्हीबीइतके मंदावत नाहीत. या किरणांपासून किती संरक्षण मिळते ते 'पीए'पुढची अधिकची चिन्हे सांगतात. ती एकापासून चारपर्यंत असतात आणि जितकी जास्त तितके संरक्षण जास्त. काही नळ्यांवर त्याऐवजी वर्तुळात 'यूव्हीए' लिहिलेले असते किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे शब्द असतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, काळेपणा मात्र दिसतो. म्हणून मी तरी आकड्याआधी ही चिन्हे शोधते. वहिनींच्या नळीवर यांपैकी काहीच नव्हते.

आता आकड्याकडे येऊ. एसपीएफ ३० नीट लावले तर भाजणाऱ्या किरणांपैकी शंभरातले सुमारे तीन भाग आत येतात, आणि ५० लावले तर दोन. फरक इतकाच. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तेवढा थर बसायला तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीइतक्या दोन रेघा लागतात, म्हणजे साधारण एक ग्रॅम. वहिनी वाटाण्याएवढे घेत. पन्नास ग्रॅमची नळी त्यांना चार महिने पुरली असती. दिवसातून दोनदा नीट लावले तर ती पंचवीस दिवसांत संपायला हवी. थर पातळ झाला की नळीवरचा आकडा आपल्याला लागू राहत नाही.

आणि थर टिकतही नाही. समजा, दोघी नऊ वाजता नीट लावून गृहभेटींना निघाल्या. अकरापर्यंत घाम चार वेळा दुपट्ट्याने पुसला गेला आणि गालाच्या उंचवट्यावरचा थर निघून गेला. वहिनींनी पुन्हा लावले नाही, तर तेवढ्या जागेवर पहिले दोन तास शंभरातले दोन भाग आणि पुढचे दोन तास जवळजवळ शंभरच भाग येतात. चार तासांची सरासरी पन्नासच्या घरात जाते. सोबतीणीने तीसचेच, पण अकराला पुन्हा लावले, तर तिची सरासरी तीनाच्या आसपास राहते. प्रत्यक्षात थर असा सगळाच्या सगळा निघत नाही, तरी अकरानंतर ऊन चढते, त्यामुळे उघडी पडलेली जागा नेमक्या वाईट वेळी उघडी पडते. पन्नास म्हणजे पन्नास पट वेळ निर्धास्त, हा हिशेब तर घाम नसलेल्या खोलीतलाच.

उन्हात असताना दर दोन तासांनी, आणि खूप घाम आला किंवा चेहरा पुसला तर त्याआधीच पुन्हा लावावे. 'वॉटर रेझिस्टंट' हा शब्दही मिनिटांच्या मर्यादेतलाच असतो, बहुधा चाळीस किंवा ऐंशी मिनिटांच्या, आणि दुपट्टा खसखसून घासण्याचा त्यात विचार नसतो. म्हणून आधी घाम टिपून घ्यावा, मग दोन बोटांच्या रेघा चेहरा आणि मानेवर पसरवाव्यात. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. दुपट्टा अर्थातच सोडू नये, त्याने झाकलेल्या जागेची काळजी तोच घेतो.

आता वहिनी नळी पिशवीत नेतात. मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत ठेवली की उष्णतेने मलम फुटते, तेल वेगळे आणि पाणी वेगळे होते. पिळल्यावर आधी पाणचट थेंब आला की ती नळी टाकून द्यावी.