दाब शून्य का येतो? ऊर्जेच्या उतारांची पार्श्वभूमी

सांगलीत बीएस्सीची मुलं उष्मागतिकीच्या शंका घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. एकाणू आदर्श वायूसाठी अंतर्गत ऊर्जा U = (3/2)nRT. यात V कुठेच नाही. मग P = −∂U/∂V काढलं की दाब शून्य! प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर १९व्या शतकातच मिळालं होतं.

१८४५ मध्ये जूलने दाबून भरलेली हवा निर्वात भांड्यात सोडली. तिचं तापमान बदलल्याचं त्याला आढळलं नाही. म्हणजे तापमान स्थिर असताना आकारमान वाढलं तरी आदर्श वायूची ऊर्जा तेवढीच राहते. मुलांना मिळणारं शून्य ते हेच, पण तो दाब नव्हे.

क्लॉसियसने १८५० मध्ये U ही राशी मांडली आणि १८६५ मध्ये एन्ट्रॉपीला, म्हणजे S ला, नाव दिलं. तरी त्याच्या मांडणीत उष्णता dQ अजून मध्यभागी होती, आणि उष्णता ही अवस्थेची राशी नाही. ती वाटेवर अवलंबून असते. येल विद्यापीठातल्या गिब्जने १८७३ मध्ये dQ बाजूला सारून थेट हे समीकरण हाती घेतलं:

dU = T dS − P dV

आता U हे S आणि V यांचं फलन झालं. S, V आणि U या तीन अक्षांवर त्याने एक पृष्ठभाग कल्पिला. V स्थिर ठेवून S च्या दिशेने त्या पृष्ठभागाचा जो चढ मिळतो ते तापमान. S स्थिर ठेवून V च्या दिशेने जो उतार मिळतो तो दाब. मॅक्सवेलला ही कल्पना इतकी भावली की त्याने पाण्यासारख्या पदार्थाचा असा पृष्ठभाग स्वतः घडवला आणि त्याची प्लॅस्टरची प्रत गिब्जला पाठवली.

मुलांची अडचण इथे सुटते. एकाणू वायूची ऊर्जा S आणि V मध्ये लिहा (B हा स्थिरांक):

U = B·V^(−2/3)·e^(2S/3nR)

S सापेक्ष आंशिक अवकलज घेतला की T = 2U/3nR. V सापेक्ष घेऊन चिन्ह उलटलं की P = 2U/3V. दोन्हींतून U काढून टाका, PV = nRT समोर येतं. हेलियमचा एक मोल ३०० केल्विनला घ्या: U सुमारे ३७४१ जूल, V ०.०२४९ घनमीटर, आणि दाब जवळजवळ १ लाख पास्कल, म्हणजे एक बार.

(3/2)nRT हे सूत्र चूक नाही, पण त्यात पूर्ण माहिती नाही. त्यावरून T कळतं, P कळत नाही. कारण T हा स्वतःच एक उतार आहे, आणि नुसत्या उतारावरून मूळ पृष्ठभाग पुरता उभा करता येत नाही. म्हणून वहीत ∂U/∂V लिहिताना कंसाबाहेर खाली S लिहिलाय की T, ते मी आधी बघते. S असेल तर दाब मिळतो, T असेल तर जूलचं शून्य.