यथाविधी धारक आणि हुंडी-वचनचिठ्ठीचे परक्रामण

हुंडी किंवा वचनचिठ्ठी मूळ पक्षकाराकडून दुसऱ्याच्या हाती जाताना तिच्यातील रक्कम वसूल करण्याचा हक्कही सोबत जाणे, याला परक्रामण म्हणतात. असा दस्तऐवज प्रतिफल, म्हणजे मोबदला, देऊन, मुदत भरण्यापूर्वी आणि देणाऱ्याच्या हक्कात दोष असल्याचे मानण्यास पुरेसे कारण नसताना घेणारा तो यथाविधी धारक होय. भारतात ही व्याख्या परक्राम्य दस्तऐवज अधिनियम, १८८१ याच्या कलम ९ मध्ये आहे. हा कायदा ९ डिसेंबर १८८१ रोजी संमत होऊन १ मार्च १८८२ पासून अमलात आला. देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढींना कलम १ ने धक्का लावलेला नाही. मात्र व्यवहार या कायद्यानेच चालावा असा उद्देश दस्तऐवजाच्या शब्दांतून दिसत असेल, तर रूढी बाजूला पडते.

वाहकाला, म्हणजे ज्याच्या हाती असेल त्याला, देय असलेला दस्तऐवज नुसत्या हवालीने हस्तांतरित होतो. आदेशाला, म्हणजे नाव घातलेली व्यक्ती सांगेल त्याला, देय असेल तर मागील बाजूस सही, म्हणजे पृष्ठांकन, करून हवाली द्यावी लागते. पृष्ठांकनात घेणाऱ्याचे नाव घातले नाही तर ते कोरे पृष्ठांकन ठरते आणि त्यानंतर तो दस्तऐवज वाहकाच्या दस्तऐवजासारखा फिरू लागतो. मागताच वाहकाला देय अशी वचनचिठ्ठी काढण्यास रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ३१ ने खाजगी व्यक्तींना मनाई केली आहे, म्हणून बाजारात दिसणारी मागणी वचनचिठ्ठी बहुधा नावाने किंवा आदेशाने लिहिलेली असते.

तत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. कोल्हापुरात शाहूपुरीतील एका गूळ व्यापाऱ्याने गुजरातेतील खरेदीदाराला माल पाठवला आणि १५ जानेवारीस सहा लाख रुपयांची, तारखेपासून तीन महिन्यांनी आपल्या आदेशाला देय अशी हुंडी लिहिली. खरेदीदाराने तिच्यावर स्वीकृतीची सही केली. तीन महिने १५ एप्रिलला पुरे होतात. त्यावर १८८१ च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे सवलतीचे तीन दिवस धरता देय दिवस १८ एप्रिल येतो, आणि तो सार्वजनिक सुट्टीचा असल्यास त्याच्या आधीचा कामकाजाचा दिवस. व्यापाऱ्याला रोकड हवी असल्याने त्याने २० फेब्रुवारीला हुंडी बँकेच्या नावे पृष्ठांकित करून काही बट्टा सोडून वटवली. मार्चमध्ये गूळ ओलसर आणि साखर मिसळलेला निघाल्याची तक्रार खरेदीदाराने केली. ही तक्रार खरी असली तरी खरेदीदाराने हुंडीचे पैसे बँकेला चुकवलेच पाहिजेत. भरपाईसाठी खरेदीदाराला व्यापाऱ्याविरुद्ध वेगळा दावा आणावा लागेल. हुंडी व्यापाऱ्याच्याच हाती राहिली असती तर मालातील दोष हा बचाव त्याच्यासमोर मांडता आला असता.

आता हीच हुंडी व्यापाऱ्याने कोरे पृष्ठांकन करून तिजोरीत ठेवली आणि दुकानातील कारकुनाने ती चोरून तिसऱ्या माणसाला विकली, असे समजू. चोरी, फसवणूक किंवा बेकायदा प्रतिफलातून आलेला दस्तऐवज धारकाला वसूल करता येत नाही, परंतु यथाविधी धारकाला किंवा त्याच्याकडून हक्क मिळालेल्याला करता येतो, अशी तरतूद कलम ५८ मध्ये आहे. तिसऱ्या माणसाने प्रामाणिकपणे वाजवी किमतीला हुंडी घेतली असेल तर व्यापाऱ्याची हानी झाली तरी घेणाऱ्याचा हक्क टिकतो. कारकुनाने पृष्ठांकनाची सहीच बनावट केली असेल, तर गोष्ट निराळी. तिथे हक्क सदोष नसून मुळात नसतोच, आणि तो नंतरच्या कोणाच्याही चांगल्या हेतूने निर्माण होत नाही. पृष्ठांकनांची साखळी तपासताना हा भेद सर्वांत आधी पाहिला जातो.

प्रामाणिकपणाची कसोटी कोणती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इंग्रजी न्यायालयांनी १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या निकालात चोरीची बँकनोट प्रामाणिकपणे घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. १८२४ च्या एका निकालाने मात्र सावध माणसाच्या मनात संशय येईल अशा परिस्थितीत हुंडी घेणाऱ्याला संरक्षण नाकारले, आणि १८३६ मध्ये ही कसोटी सोडून प्रत्यक्ष अप्रामाणिकपणा आवश्यक ठरवण्यात आला. इंग्लंडचा १८८२ चा कायदा या शेवटच्या मताला धरून आहे. त्यात निष्काळजीपणे पण प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जाते. भारतीय कलम ९ मध्ये मात्र ‘मानण्यास पुरेसे कारण’ हे शब्द आहेत. ते जुन्या, कडक मताकडे झुकतात असे अनेक भाष्यकार समजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या निकालात भारतीय कसोटी इंग्रजी कसोटीहून अधिक कडक असल्याचे मान्य केले; पण निव्वळ निष्काळजीपणा म्हणजे नेहमीच दोष, असे मात्र मानले नाही. निष्काळजीपणा किती आणि कोणत्या परिस्थितीत, हे पाहावे असा त्याचा रोख आहे, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. वरील सहा लाखांची हुंडी मुदतीला दोन महिने असताना कोणी तीन लाखांना देऊ केली, तर एवढा बट्टाच संशयाला पुरेसे कारण ठरू शकतो. मोहरबंद लिफाफ्यातून अनोळखी माणसाने आणलेली, नावांवर खाडाखोड असलेली हुंडीही तशीच.

मुदतीबाबतही एक गुंता आहे. कलम ९ ‘रक्कम देय होण्यापूर्वी’ असे म्हणते. मागताच देय असलेल्या वचनचिठ्ठीची रक्कम लिहिताक्षणीच देय होते, असे धरले तर तिचा यथाविधी धारक कोणालाच होता येणार नाही. इंग्रजी परंपरेत केवळ बराच काळ लोटला म्हणून अशी चिठ्ठी थकीत ठरत नाही. भारतातही मागणी होऊन पैसे न मिळेपर्यंत ती थकीत नाही, असा अर्थ लावणे व्यवहाराला धरून आहे. दावा आणण्यासाठीचा तीन वर्षांचा काळ मात्र चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजला जातो.

सिद्धतेचा भार कलम ११८ ने धारकाच्या बाजूने झुकवला आहे: प्रतिफल दिले गेले आणि धारक यथाविधी धारक आहे, असे गृहीत धरले जाते. प्रतिपक्षाने चोरी किंवा फसवणूक दाखवून दिल्यास मात्र आपण यथाविधी धारक आहोत हे धारकालाच सिद्ध करावे लागते.

सावकारी व्यवहारात कोऱ्या वचनचिठ्ठीवर सही घेण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. कलम २० प्रमाणे अशा मुद्रांकित, अपुऱ्या कागदावर रक्कम भरण्याचा अधिकार प्रथमदर्शनी धारकाला मिळतो. पण ठरलेल्या रकमेहून अधिक रक्कम फक्त यथाविधी धारकालाच, आणि तीही मुद्रांकाच्या मर्यादेतच, वसूल करता येते. पन्नास हजारांचे कर्ज देऊन सावकाराने दोन लाख लिहिले आणि चिठ्ठी मित्राकडे वळवली, तर मित्राला हा प्रकार ठाऊक होता का, यावर दावा उभा राहतो किंवा पडतो. मुद्रांक कमी असेल तर प्रश्न तिथपर्यंत पोहोचतच नाही: हुंडी व वचनचिठ्ठीबाबत दंड भरून ती उणीव नंतर दूर करता येत नाही, आणि दस्तऐवज पुराव्यात स्वीकारला जात नाही. त्या वेळी मूळ कर्जाचा स्वतंत्र दावा करता येईल का, हे त्या कर्जाच्या व्यवहारावरच अवलंबून राहते, आणि मध्यंतरी चिठ्ठी विकत घेतलेल्या परक्या माणसाचा त्या कर्जाशी सामान्यतः संबंध नसतो.